‘मिरची’तली ची आणि ‘गुळाची’तली ची

व्याकरणाच्या सरावपत्रिकेत एक वाक्य असते: ‘हिरवी मिरची फार तिखट आहे.’ खाली प्रश्न असतो, ‘प्रत्यय ओळखा.’ आणि दर वर्षी काही मुले ‘मिरची’समोर ‘ची, षष्ठी’ असे लिहितात. त्यांना विभक्तीचा तक्ता येत नाही असे नाही, उलट तो फार चांगला पाठ असतो. ‘चा, ची, चे’ म्हणजे षष्ठी हे त्यांनी घोकलेले असते. शब्दाच्या शेवटी ‘ची’ दिसली की हात आपोआप ‘षष्ठी’ लिहितो.

तक्ता पाठ असावाच. तो नसेल तर पुढचे काही जमत नाही. पण तक्त्यातून फक्त प्रत्ययांची यादी मिळते. समोरच्या शब्दात तो प्रत्यय खरोखर आहे का, की ते शब्दाचेच शेवटचे अक्षर आहे, हे यादी सांगत नाही. ‘शेत’मध्ये ‘त’ आहे, ‘दिवस’मध्ये ‘स’ आहे, ‘सोने’मध्ये ‘ने’ आहे, ‘चर्चा’मध्ये ‘चा’ आहे. यांतले एकही अक्षर विभक्तीचे नाही. ते ओळखण्याची खूण प्रत्ययात शोधून सापडत नाही. ती प्रत्ययाच्या अलीकडे, उरलेल्या शब्दात असते.

प्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नाम बहुधा आपले रूप बदलते. ‘गूळ’ला ‘ची’ लावायची तर ‘गूळची’ होत नाही. आधी ‘गुळा’ होते आणि मग ‘गुळाची’. हे मधले ‘गुळा’ म्हणजे सामान्यरूप. म्हणून शेवटचा तुकडा झाकायचा आणि उरलेल्या भागाकडे बघायचे. ‘गुळाची’तली ‘ची’ झाकली की ‘गुळा’ उरते, आणि ‘गुळा’वरून ‘गूळ’ या मूळ शब्दाकडे जाता येते. ‘मिरची’तली ‘ची’ झाकली तर ‘मिर’ उरते, आणि तिथून कुठल्याच शब्दाकडे जाता येत नाही. म्हणजे ती ‘ची’ मिरचीचीच आहे. (या ‘मिरचीचीच’मध्ये मात्र खरी षष्ठी आहे. मुलांना हा शब्द सोडवायला द्यावा, त्यांना मजा येते.) ‘शेत’चा ‘त’ काढला तर ‘शे’ उरते. ‘शेतात’चा ‘त’ काढला तर ‘शेता’ उरते आणि त्यातून ‘शेत’ मिळते.

मूळ शब्दापर्यंत परत जाणे हीच या पद्धतीतली महत्त्वाची पायरी आहे, आणि मुले अडखळतात तीही इथेच. कारण मधल्या वाटेवर स्वर बदलतात. ‘पाऊस’चे ‘पावसा’ होते, ‘भाऊ’चे ‘भावा’, ‘भांडे’चे ‘भांड्या’, ‘शाळा’चे ‘शाळे’. ‘चूल’मधला दीर्घ ऊकार ‘चुली’त ऱ्हस्व होतो, ‘बहीण’मधली दीर्घ ईकार ‘बहिणी’त ऱ्हस्व होते. सरावपत्रिकेत मूळ शब्द ‘चुल’ किंवा ‘बहिण’ असा लिहिलेला आढळतो तो याच गोंधळामुळे. प्रत्यय बरोबर ओळखला, शुद्धलेखन चुकले.

अकारान्त स्त्रीलिंगी नामांचा घोळ तर शिक्षकांनाही त्रास देतो. ‘भिंत’ची ‘भिंतीवर’ होते, मग ‘वीट’ची ‘विटीवर’ का नाही, ‘विटेवर’ का? याचे उत्तर अनेकवचनात मिळते. ज्या नामाचे अनेकवचन ‘आ’ने संपते त्याचे सामान्यरूप ‘ए’ने संपते: विटा, विटेवर; जिभा, जिभेवर; सुना, सुनेला. ज्याचे अनेकवचन ‘ई’ने संपते त्याचे सामान्यरूपही ‘ई’ने संपते: भिंती, भिंतीवर, चुली, चुलीवर, बहिणी, बहिणीला. मराठी घरातल्या मुलाला अनेकवचन बोलण्यातून आधीच येत असते, त्यामुळे हा नियम त्याला वेगळा पाठ करावा लागत नाही.

आता एक वाक्य पूर्ण सोडवून पाहू. ‘आजीने परसातल्या चुलीवर मोठ्या भांड्यात नातवंडांसाठी गुळाची खीर केली.’ वाक्य साधे आहे, पण सरावपत्रिकेत जे जे सापळे असतात ते बहुतेक यात आहेत.

‘आजीने’ सोपे आहे. ‘ने’ झाकला की ‘आजी’ उरते. इथे सामान्यरूप मूळ शब्दासारखेच राहिले, तरी उरलेला शब्द पूर्ण आणि अर्थपूर्ण आहे. प्रत्यय ‘ने’, विभक्ती तृतीया. ‘चुलीवर’मधले ‘वर’ तक्त्यात नाही. ‘चुली’ हे सामान्यरूप आहे, त्याला ‘वर’ जोडून आला आहे, म्हणून ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय. ‘भांड्यात’मध्ये ‘भांडे’चे ‘भांड्या’ झाले आणि ‘त’ लागला, सप्तमी. ‘नातवंडांसाठी’मध्ये ‘साठी’ शब्दयोगी आहे, आणि ‘डां’वरचा अनुस्वार नातवंडे अनेक आहेत हे सांगतो. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायचा हा लेखननियमच आहे. ‘घरापुढे’ म्हणजे एका घरापुढे, ‘घरांपुढे’ म्हणजे अनेक घरांपुढे. उत्तरात तो एक टिंब गळला की वचन बदलते.

‘गुळाची’ षष्ठी. पण इथे ‘चा’ किंवा ‘चे’ न येता ‘ची’ का आली? ‘गूळ’ तर पुल्लिंगी आहे. कारण षष्ठीचा प्रत्यय आपल्या नामाकडे बघत नाही, पुढच्या नामाकडे बघतो. पुढे ‘खीर’ आहे, ती स्त्रीलिंगी, म्हणून ‘गुळाची खीर’. पुढे ‘लाडू’ असता तर ‘गुळाचा लाडू’. आणि पुढच्या नामालाच प्रत्यय लागला तर षष्ठीचेही रूप बदलते: ‘गुळाच्या खिरीत’. ‘च्या’ एकवचनातही येतो हे न सांगितल्यामुळे ‘गुळाच्या’ला मुले सरसकट अनेकवचनी म्हणतात. तक्त्यात ‘च्या’ अनेकवचनाच्या रकान्यात छापलेला असतो, त्यामुळे चूक त्यांची एकट्याची नसते.

आता ‘मोठ्या’. हे सामान्यरूप आहे, पण त्याला प्रत्यय कुठे आहे? नाहीच. ‘मोठे’ हे विशेषण आहे, आणि पुढच्या ‘भांडे’ला ‘त’ लागल्यामुळे विशेषणानेही आपले रूप बदलले आहे. प्रत्यय एकट्या नामाला लागतो, विशेषण फक्त सामान्यरूपात उभे राहते. ‘ओळखा’च्या प्रश्नात ‘मोठ्या’ अधोरेखित केले असेल तर उत्तर ‘विशेषणाचे सामान्यरूप, प्रत्यय नाही’ असे हवे. ‘परसातल्या’ त्याहून अवघड. ‘परस’, ‘परसा’, ‘परसात’ इथपर्यंत सप्तमी आहे. त्यापुढे ‘ला’ लागून ‘परसातला’ हे विशेषण झाले, आणि चुलीमुळे ते ‘परसातल्या’ झाले. हा ‘ला’ द्वितीयेचा नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना असा शब्द द्यायचाच असेल तर तो समजावून द्यावा, परीक्षेत अचानक समोर ठेवू नये.

राहिली ‘खीर’. तिला कुठलाच प्रत्यय नाही, म्हणून प्रथमा. इथेच मुलांचा सर्वात मोठा गोंधळ होतो, आणि तो समजून घ्यायला थोडे थांबावे लागते. मुलांच्या मनात ‘प्रथमा म्हणजे कर्ता’ असे समीकरण पक्के बसलेले असते. या वाक्यात खीर केली कोणी? आजीने. मग कर्ता आजी, आणि ती तृतीयेत आहे. खीर हे कर्म आहे, आणि ते प्रथमेत आहे. ‘केली’ हे क्रियापद स्त्रीलिंगी झाले तेही आजीमुळे नाही, खिरीमुळे. आजीऐवजी आजोबा आणा: ‘आजोबांनी खीर केली.’ क्रियापद तसेच राहते. खिरीऐवजी लाडू आणा: ‘आजीने लाडू केला.’ क्रियापद बदलले.

याचा अर्थ विभक्ती ही एक गोष्ट आणि क्रियापदाशी असलेले नाते, म्हणजे कारक, ही दुसरी गोष्ट. विभक्ती रूपावरून कळते, कारक अर्थावरून कळते. ‘ने’ लागला की तृतीया, याबद्दल वाद नाही. पण ‘आजीने खीर केली’मध्ये तृतीया कर्ता दाखवते आणि ‘आजीने पळीने खीर ढवळली’मधल्या ‘पळीने’त तीच तृतीया साधन दाखवते, म्हणजे करण. एकाच वाक्यात दोन तृतीया, दोन कामे. सरावपत्रिका तयार करणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवावे की आपण काय विचारतो आहोत. ‘विभक्ती ओळखा’ असा प्रश्न असेल तर उत्तर ‘तृतीया’. ‘कारकार्थ सांगा’ असा असेल तर ‘कर्ता’ किंवा ‘करण’. कितीतरी पत्रिकांत प्रश्न एक असतो आणि उत्तरसूचीत दुसऱ्याचे उत्तर छापलेले असते, आणि बरोबर लिहिणाऱ्या मुलाचा गुण जातो.

मी, तू, आम्ही, तुम्ही ही सर्वनामे तर रूपावरूनही ओळखू देत नाहीत. ‘त्याने आंबा खाल्ला’ यात ‘ने’ स्पष्ट दिसतो. ‘मी आंबा खाल्ला’ यात ‘मी’ला काहीच लागलेले दिसत नाही. तरी दोन्ही वाक्यांची रचना एकच आहे, म्हणून व्याकरणात ‘मी’चे तृतीयेचे रूपही ‘मी’ असेच दिले जाते. हे मुलांना ‘मी’च्या जागी ‘त्याने’ घालून बघायला सांगितले की पटते. वाक्य जुळले, म्हणजे तिथे तृतीयाच आहे.

‘ला’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी या दोघींचे प्रत्यय एकच आहेत: स, ला, ते, अनेकवचनात स, ला, ना, ते. (यातला ‘ते’ आजच्या गद्यात कोणी लिहीत नाही. तो जुन्या कवितेत भेटतो, आणि मुलांच्या सरावात त्याला आणण्याचे कारण मला दिसत नाही.) संस्कृतात या दोन विभक्तींची रूपे वेगवेगळी होती, आणि मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्यांनी तोच आठ खणांचा साचा घेतला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. शाळेतला तक्ता आजही त्या परंपरेतला आहे. खण दोन, पण मराठीत रूप एकच उरले.

त्यामुळे ‘पुढील शब्दांची विभक्ती ओळखा: १. बाळाला’ असा सुटा प्रश्न विचारणे चुकीचे आहे. त्याला उत्तरच नाही. वाक्य द्यावेच लागते. ‘आईने बाळाला उचलले.’ उचलण्याची क्रिया बाळावर घडली, बाळ कर्म, म्हणून द्वितीया. ‘आईने बाळाला दूध दिले.’ दिले काय? दूध. ते कर्म. ते कोणासाठी होते? बाळासाठी. बाळ इथे संप्रदान, म्हणून चतुर्थी. यासाठी ‘काय’ हा प्रश्न आधी विचारायचा. वाक्यात ‘काय’चे उत्तर देणारा वेगळा शब्द असेल तर ‘ला’वाला शब्द बहुधा चतुर्थीचा. तसा शब्द नसेल आणि क्रिया थेट त्याच्यावरच घडत असेल तर द्वितीया. मराठीत निर्जीव कर्माला बहुधा ‘ला’ लागतच नाही हेही इथे उपयोगी पडते. आपण ‘मुलाला पाहिले’ म्हणतो, पण ‘पुस्तक वाचले’ म्हणतो, ‘पुस्तकाला वाचले’ म्हणत नाही.

‘मला भूक लागली’, ‘मला आंबा आवडतो’ ही वाक्ये मात्र या कसोटीत नीट बसत नाहीत. शाळेत ‘मला’ला चतुर्थी म्हणण्याची प्रथा आहे आणि ती रास्त आहे, पण इथे कोणी कोणाला काही दिलेले नाही. भूक ज्याला लागते, आवड ज्याची असते, तो अनुभव घेणारा माणूस मराठीत ‘ला’ने दाखवला जातो. अशी वाक्ये वर्गात चर्चेसाठी उत्तम आहेत. एका गुणाच्या प्रश्नात ती ठेवू नयेत.

पंचमीत गडबड ‘ऊन’मुळे होते. ‘घरून आला’, ‘पुण्याहून आला’ ही खरी पंचमी. पण ‘जेवून आला’मध्येही ‘ऊन’ ऐकू येतो. तिथे झाकून बघितले की ‘जेव’ उरते, आणि तो धातू आहे, नाम नाही. तो ‘ऊन’ क्रियापदाला लागणारा निराळा प्रत्यय. तसेच ‘घरापासून’, ‘झाडावरून’, ‘दादाकडून’ यांत मुले ‘ऊन’ एवढाच तुकडा तोडतात आणि पंचमी लिहितात. इथे तोडायची जागा चुकली. सामान्यरूप संपते तिथे तोडायचे. ‘घरा’ संपले, पुढे ‘पासून’ अखंड उरला, तो शब्दयोगी. ‘झाडा’ संपले, पुढे ‘वरून’ उरला, तोही शब्दयोगी. अर्थ अपादानाचाच आहे, म्हणजे कशापासून तरी दूर होण्याचा, पण तो दाखवणारे साधन विभक्तीचे नाही.

मग ‘पेटीत’ ही विभक्ती आणि ‘पेटीमध्ये’ हे शब्दयोगी असे का, असे एखादी मुलगी विचारतेच, आणि तिचा प्रश्न रास्त असतो. दोन्हींचा अर्थ एक, दोन्हींमागे सामान्यरूप, दोन्ही जोडूनच लिहायचे. फरक इतकाच की ‘त’ झिजून झिजून एका अक्षराचा झाला आहे आणि त्याला स्वतःचे अस्तित्व उरलेले नाही. तो ‘आंत’चा अवशेष मानला जातो. जुन्या पुस्तकांत एकवचनातही ‘घरांत’ असे अनुस्वार देऊन छापलेले दिसते ते त्यामुळेच. ‘मध्ये’, ‘खाली’, ‘समोर’ हे अजून शब्द म्हणून ओळखू येतात, आणि त्यांतले पुष्कळ एकटेही उभे राहतात. ‘तो झाडाखाली बसला’ यात ‘खाली’ नामाला जोडलेले आहे, शब्दयोगी. ‘तो खाली बसला’ यात ते स्वतंत्र आहे आणि बसण्याविषयी सांगते, म्हणून क्रियाविशेषण. म्हणूनच ‘झाडा खाली’ असे तोडून लिहिले की वाचणाराही बुचकळ्यात पडतो. नामाला लागलेले शब्दयोगी मराठीत जोडून लिहायचे. हिंदीत ते सुटे लिहितात, आणि ती सवय पाट्यांवरून आता वह्यांत आली आहे.

सामान्यरूपाच्या कसोटीला मर्यादाही आहेत. ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘मात्र’, ‘च’ हे शब्दयोगी सामान्यरूप घडवतच नाहीत: ‘मुलगासुद्धा आला’, ‘मुलग्यासुद्धा’ नाही. यांना शुद्ध शब्दयोगी म्हणतात, आणि ते विभक्तीच्याही मागे येऊन बसतात: ‘मुलानेसुद्धा’. परभाषेतून आलेले शब्द आणि माणसांची नावेही हल्ली रूप बदलत नाहीत. ‘बसमध्ये’, ‘मोबाईलवर’, ‘सचिनने’ यांत सामान्यरूप दिसणार नाही. तिथे उरलेला तुकडा हा ओळखीचा पूर्ण शब्द आहे का, एवढेच बघायचे.

बोलीचा मुद्दाही इथेच येतो. विदर्भातले मूल घरी ‘मले’, ‘तुले’ म्हणते, पश्चिम महाराष्ट्रातले ‘आईनं’, ‘बाबानं’ म्हणते. पुस्तकातला ‘ला’ आणि ‘ने’ त्याला परका वाटतो. पण झाकून बघण्याची रीत त्याच्या बोलीतही तशीच चालते. ‘पोराले’मधला ‘ले’ झाकला की ‘पोरा’ उरते आणि त्यातून ‘पोर’ किंवा ‘पोरगा’ सापडतो. वर्गात आधी मुलाच्याच वाक्यावर ही पद्धत चालवावी, मग ‘ले’च्या जागी ‘ला’ लिहून दाखवावा. चुकीची दुरुस्ती म्हणून ‘ला’ शिकवला तर ते मूल पुढे व्याकरणाच्या तासाला बोलत नाही.

सरावपत्रिका आखताना मी पाच रकाने सुचवेन: दिलेला शब्द, सामान्यरूप, मूळ शब्द, प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय, आणि शेवटी विभक्ती. कारकार्थ विचारायचाच असेल तर तो निराळ्या प्रश्नात, पूर्ण वाक्यासह विचारावा. दहा शब्दांत दोन-तीन ‘मिरची’, ‘दिवस’, ‘सोने’ यांसारखे असावेत, म्हणजे ‘प्रत्यय नाही’ हेही एक बरोबर उत्तर असू शकते हे मुलांना कळते. उत्तरसूची छापण्याआधी प्रत्येक ‘ला’ एकदा वाक्यात घालून वाचावा, आणि जिथे आपल्यालाच द्वितीया की चतुर्थी असा विचार पडतो तो शब्द सरळ वगळावा.